महिना दोन टक्के: थकलेल्या घरपट्टीवरचा दंड आणि एका कुटुंबाचा साडेतीन वर्षांचा हिशेब

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या सीमेलगतच्या एका नगरपालिकेच्या गावातलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. हिशेबाची पद्धत, झालेली चूक आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. कागद तपासायला मी होतो, त्यामुळे चलनाच्या प्रती माझ्या डोळ्यांखालून गेल्या आहेत.

## पार्श्वभूमी

गावातल्या जुन्या गल्लीत एक घर आहे. खाली पुढच्या बाजूला भाड्यानं दिलेलं छोटं दुकान, मागे आणि वर राहती जागा. नगरपालिकेतलं खातं, म्हणजे मालमत्तेची नोंद, वडिलांच्या नावावर. २०२२ च्या सुरुवातीला वडील वारले. मागे आई आणि तीन मुलं. थोरली मुलगी लग्न होऊन कोल्हापुरात, मधला मुलगा गावातच आईजवळ, धाकटा नोकरीनिमित्त बेंगळुरूला.

घरपट्टी वडीलच भरायचे, तीही दरवर्षी एप्रिलमध्ये. कर्नाटकात नगरपालिकेच्या मालमत्ता कराची आकारणी मालक स्वतः फॉर्म भरून करतो. आर्थिक वर्षाच्या पहिल्या महिन्यात कर भरला तर पाच टक्के सूट मिळते. जूनअखेरपर्यंत सूट नसते, पण दंडही नसतो. जुलैपासून न भरलेल्या करावर महिन्याला दोन टक्के दंड सुरू होतो. एखाद्या वर्षी सरकार या सवलतीची मुदत वाढवतं, तेव्हा तारखा पुढे सरकतात. या प्रकरणात थकलेल्या चारही वर्षांचा दंड कार्यालयानं जुलैपासूनच धरला होता आणि त्याबद्दल कुटुंबाची तक्रार नव्हती.

वडील गेल्यावर कर भरणं थांबलं. पैसे नव्हते असं नाही. दुकानाचं भाडं दर महिन्याला येत होतं. थांबण्याचं कारण एक गैरसमज होता: खातं वडिलांच्या नावावर आहे, आधी वारसा लावून नाव बदलायचं, मगच कर भरता येईल. त्याला जोडून दुसरी, न बोललेली भीती होती. पावतीवर ज्याचं नाव लागेल तो उद्या घरावर जास्त हक्क सांगेल, असं तिघांनाही वाटत होतं. त्यामुळे "सगळे मिळून बसू आणि ठरवू" असं दर दिवाळीला ठरायचं आणि राहून जायचं.

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कर मालमत्तेवर असतो. मालमत्तेचा क्रमांक टाकला की जुन्या नावानंच चलन निघतं आणि ते कोणीही भरू शकतं. भरणाऱ्याला त्यातून मालकी मिळत नाही. करपावती किंवा खात्यावरची नोंद म्हणजे मालकीहक्क नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. वारसा लावायला वेळ लागला तरी कर त्यासाठी थांबत नाही आणि दंडही थांबत नाही.

याच घराचं विजेचं बिल मात्र एकदाही दोन महिन्यांवर थकलं नाही. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर उशिराचं व्याज महिन्याला एक टक्का, तेही जितके दिवस उशीर तितक्याच दिवसांचं. बाराशे रुपयांचं बिल वीस दिवस उशिरा भरलं तर आठ रुपये. म्हणजे दर घरपट्टीच्या निम्मा. पण विजेच्या थकबाकीला पंधरा दिवसांची नोटीस देऊन जोडणी तोडता येते, म्हणून मधला मुलगा ते बिल वेळेवर भरत राहिला. घरपट्टी थकली म्हणून दुसऱ्या दिवशी काही बंद पडत नाही. जिथे दर दुप्पट तिथेच धाक कमी, आणि थकबाकी नेमकी तिथे साचते.

## प्रश्न कसा समोर आला

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये घर दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं ठरलं. बँकेनं ई-खाते, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा संगणकीय उतारा, आणि चालू वर्षाची करपावती मागितली. मधला मुलगा नगरपालिकेत गेला, तेव्हा चालू वर्ष धरून चार वर्षांची थकबाकी म्हणून डिसेंबरअखेरचं चलन हातात आलं. रक्कम होती ३३,१०३ रुपये. उपकर आणि कचऱ्याचं शुल्क वेगळ्या ओळीत होतं. त्यावर वाद नव्हता, म्हणून पुढच्या हिशेबात ते धरलेलं नाही.

चलन कन्नडमध्ये होतं. ते घरात सगळ्यांना वाचता येतं, तेव्हा अडचण भाषेची नव्हती. अडचण मांडणीची होती. चलनावर करासंबंधी चारच आकडे होते:

मागील बाकी २२,८६७
चालू वर्षाचा कर ५,४६४
दंड ४,७७२
एकूण ३३,१०३

हे वाचून घरात पहिली प्रतिक्रिया अशी होती की दंड तर पावणेपाच हजारच आहे, तीन वर्षांच्या मानानं फार नाही. धाकट्यानं फोनवर सांगितलं, "दादा, भरून टाक की. कशाला घोळ घालायचा?"

पण हाच दंडाचा आकडा संशयास्पद होता. चालू वर्षाचा कर ५,४६४. जुलै ते डिसेंबर हे सहा महिने झाले, म्हणजे त्या करावर दंड जास्तीत जास्त बारा टक्के, ६५६ रुपये. उरलेले ४,११६ रुपये 'मागील बाकी'वर लावलेले असणार. आणि ती बाकी म्हणजे नुसता कर नव्हता.

## हिशेब उकलून पाहिला तेव्हा

आईनं कपाटातला प्लास्टिकचा फोल्डर काढला. त्यात वडिलांनी भरलेल्या शेवटच्या वर्षाची, २०२१-२२ ची, पावती होती आणि तिच्यावर 'मागील बाकी' शून्य होती. हा कागद फार उपयोगी पडला. थकबाकी नेमकी २०२२-२३ पासून सुरू झाली हे त्यानं पक्कं झालं. एरवी चर्चा आणखी मागच्या वर्षांत शिरली असती.

चार वर्षांचा कर असा होता: २०२२-२३ चा ५,०००, २०२३-२४ चा ५,१५०, २०२४-२५ चा ५,३०५ आणि २०२५-२६ चा ५,४६४. एकूण २०,९१९ रुपये.

आता दंड. नियम न भरलेल्या करावर महिना दोन टक्के असा आहे. म्हणून प्रत्येक वर्षाचा कर वेगळा धरायचा, त्या वर्षीच्या जुलैपासून महिने मोजायचे आणि महिन्यांची दुप्पट इतके टक्के लावायचे. डिसेंबर २०२५ पर्यंत हिशेब असा येतो:

| वर्ष | कर | महिने | टक्के | दंड |
|---|---|---|---|---|
| २०२२-२३ | ५,००० | ४२ | ८४ | ४,२०० |
| २०२३-२४ | ५,१५० | ३० | ६० | ३,०९० |
| २०२४-२५ | ५,३०५ | १८ | ३६ | १,९१० |
| २०२५-२६ | ५,४६४ | ६ | १२ | ६५६ |

पैशांचा हिशेब जुळवून दंड ९,८५५ होतो. करासह ३०,७७४. चलनावर मात्र ३३,१०३. फरक २,३२९ रुपयांचा.

हा फरक कुठून आला ते शोधण्यासाठी उलटा हिशेब केला. २०२२-२३ च्या पाच हजारांवर जुलै ते मार्च, नऊ महिन्यांचा दंड ९०० रुपये. इथपर्यंत बरोबर. पण ३१ मार्चला वर्ष बंद करताना कर आणि दंड एकत्र करून ५,९०० ही 'मागील बाकी' म्हणून पुढच्या वर्षात ओढली गेली होती. मग पुढच्या वर्षी दोन टक्के पाच हजारांवर न लागता ५,९०० वर लागले. त्या वर्षी एवढ्याचे १,४१६ झाले, व्हायला हवे होते १,२००. पुढच्या मार्चला पुन्हा तेच, मोठ्या रकमेवर. तिसऱ्या मार्चला बाकी २२,८६७ झाली. तीन वर्षांचा नुसता कर १५,४५५ असताना.

थोडक्यात, दंडावर दंड लागत होता. दर महिन्याला नाही, दर ३१ मार्चला. ही चूक कोणी मुद्दाम केली असं मला वाटत नाही. खातेवहीत वर्षाची शिल्लक पुढे ओढताना कराची आणि दंडाची ओळ वेगळी ठेवली नाही की ती आपोआप होते. एका वर्षाच्या थकबाकीत फरक नगण्य असतो, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो दिसण्याइतका होतो, आणि तोवर चलनावर फक्त एक गठ्ठा आकडा उरलेला असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. चालू वर्षाच्या दंडाला चालू वर्षाच्या करानं भागून पाहायचं. इथे ते सत्त्याऐंशी टक्के येत होतं. सहा महिन्यांत बारा टक्क्यांच्या वर जायला जागाच नाही. अर्थात मागच्या बाकीवरचा रीतसर दंडही त्याच ओळीत असू शकतो. १५,४५५ वर एप्रिल ते डिसेंबरचे अठरा टक्के म्हणजे २,७८२. त्यात ६५६ मिळवले तरी ३,४३८ च होतात. चलनावर ४,७७२ होते. म्हणून बाकीत कर किती आणि दंड किती, हे लेखी मागायलाच हवं होतं.

## पुढे असलेले मार्ग

रविवारी आईच्या घरी बसणं झालं. कोल्हापूरहून ताई आली होती, धाकटा फोनवर होता. चार मार्ग बोलले गेले.

पहिला, आहे ते सगळं भरून टाकायचं. कर्जाचं काम अडलं होतं, म्हणून मधल्याचा कल इकडे होता. यात वेळ वाचतो, पण जास्त गेलेले पैसे रोख परत मिळणं अवघड. फार तर पुढच्या वर्षाच्या करात वळते होतात, तेही चूक कार्यालयानं मान्य केली तर.

दुसरा, चूक दुरुस्त होईपर्यंत काहीच भरायचं नाही. धाकट्याला आकडे कळल्यावर तो या मताचा झाला. "चूक त्यांची, आपण का भरायचं?" हा राग समजण्यासारखा आहे, पण हिशेबात बसत नाही. २०,९१९ रुपये करावर दर महिन्याला ४१८ रुपये दंड वाढतो. वाद २,३२९ रुपयांचा. म्हणजे सहा महिने वाट पाहिली की वाद जिंकूनही पैसे गेलेलेच. या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा आकडा मला हा ४१८ वाटतो. तो कागदावर लिहून दाखवल्यावर खोलीतलं बोलणंच बदललं.

तिसरा, तुकड्यातुकड्यानं भरायचं. हाताशी पंधरा हजार होते. इथे एक गंमतीची नाही, पण समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. साचलेला दंड वाढत नाही, वाढ होते ती कराच्या रकमेमुळे. म्हणून त्याच पैशांत जास्तीत जास्त कर फिटेल असं वर्ष आधी भरणं फायद्याचं. सगळ्यात जुनं वर्ष फेडायला ९,२०० लागतात आणि त्यातून फक्त ५,००० चा कर मोकळा होतो. उरलेल्या ५,८०० मध्ये पुढचं वर्ष बसत नाही. उलट अलीकडची दोन वर्षं आधी भरली तर ६,१२० आणि ७,२१५ मिळून १३,३३५ लागतात आणि १०,७६९ चा कर मोकळा होतो. पुढचा मासिक दंड निम्म्यावर येतो. पण खिडकीवर विचारल्यावर उत्तर मिळालं की जुनी बाकी असताना नव्या वर्षाचं वेगळं चलन काढत नाही, आधी जुनं. त्यामुळे हा मार्ग कागदावर चांगला असूनही बंद होता.

चौथा, दंडमाफीची वाट पाहायची. हा मार्ग नवा नव्हता. त्याच्याच नादात कुटुंबानं आधी दीड वर्ष घालवलं होतं. २०२४ मध्ये बेंगळुरू महानगरपालिकेनं थकबाकीदारांसाठी एकरकमी तडजोड योजना आणली होती आणि ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत चालली. धाकट्यानं तिथल्या बातम्या ऐकून घरी सांगितलं होतं, "थांबा, दंड माफ होतोय." योजना होती ती बेंगळुरूच्या पालिकेपुरती. इथल्या नगरपालिकेला ती लागू नव्हती. जून २०२४ अखेर सगळं भरलं असतं तर मागच्या दोन वर्षांचा दंड ३,६३६ होता, आणि चालू वर्षाला दंडच नव्हता. डिसेंबर २०२५ ला तो ९,८५५ झाला. माफीच्या आशेची किंमत ६,२१९ रुपये.

यावर ताईनं विचारलं, "पुढच्या वर्षी इथेही आली योजना तर?" येऊही शकते. पण वर्षाला चोवीस टक्के ही वाट पाहण्याची खात्रीची किंमत आहे आणि योजना ही शक्यता. शिवाय बँकेचं काम थांबलेलंच राहिलं असतं.

## काय ठरवलं आणि केलं

ठरलं ते पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधलं. लेखी अर्ज लगेच द्यायचा, पण वाट पाहायला मर्यादा घालायची. डिसेंबर संपायच्या आत दुरुस्त चलन मिळालं तर तेवढं भरायचं. नाही मिळालं तर ३३,१०३ भरायचे आणि सोबत "जादा दंडाबाबतचा हक्क राखून भरणा करीत आहोत, फरक पुढील करात वळता करावा" असं पत्र आवक विभागात द्यायचं. महिनाअखेरची मर्यादा मुद्दाम घातली, कारण त्या कार्यालयात सुरू झालेला महिना पूर्ण धरत होते. दोन जानेवारीला गेलं तरी आणखी ४१८.

एकूण पैसे एकदम हवे होते. मधल्याकडे पंधरा हजार होते, बाकीचे त्यानं सोसायटीतून वर्षाला चौदा टक्क्यांनी उचलायचं ठरवलं. कर्ज काढून कर भरायचा हे आईला पटत नव्हतं. पण चोवीस टक्क्यांचं देणं चौदा टक्क्यांवर आणणं हा तोटा नाही, हे तिला एका वाक्यात पटलं. तिनं उभ्या आयुष्यात भिशी चालवली होती.

अर्ज एका पानाचा ठेवला. वर मालमत्तेचा क्रमांक आणि वडिलांचं नाव, खाली अर्जदार वारस म्हणून आई. मजकुरात तीनच गोष्टी: २०२१-२२ पर्यंत बाकी शून्य असल्याची पावती जोडली आहे, मागील बाकी २२,८६७ ची वर्षवार फोड, कर वेगळा आणि दंड वेगळा, द्यावी, आमच्या हिशेबानं देय रक्कम ३०,७७४ आहे, तक्ता जोडला आहे. आरोपाचा एकही शब्द नाही. अर्ज कन्नडमध्ये दिला. मराठी मसुदा आधी झाला होता, पण फाईल ज्याच्या टेबलावर जाणार त्यानं ती त्याच दिवशी वाचावी हा हेतू होता. आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक असलेली प्रत जवळ ठेवली.

पहिल्या फेरीत बिल कलेक्टरनं सांगितलं, "सिस्टीममध्ये येतं तेच चलन, आम्ही काही करत नाही." तो खरंच काही करू शकत नव्हता. खिडकीवर वाद घालण्यात इथे बहुतेक जण हरतात, कारण दुरुस्तीचा अधिकार तिथे नसतो. अर्ज महसूल निरीक्षकाकडे गेला पाहिजे आणि त्यानं मागणी-वसुली-बाकीचं रजिस्टर, ज्याला कार्यालयात डीसीबी म्हणतात, ते उघडलं पाहिजे. चौकशी करताना मधल्यानं एकच वाक्य धरून ठेवलं: "बाकीमध्ये कर किती आणि दंड किती, तेवढं डीसीबीवरून लिहून द्या." या वाक्यात चूक मान्य करायची सक्ती नव्हती, फक्त फोड द्यायची होती. फोड दिली की चूक आपोआप उघडी पडते.

तसंच झालं. निरीक्षकानं रजिस्टर आणि आमचा तक्ता शेजारी ठेवला. पहिलं वर्ष जुळलं, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीच्या आकड्यावर त्याचं बोट थांबलं. पाच हजारांच्या जागी ५,९०० होते. त्यानं स्वतःच कॅल्क्युलेटरवर पुढची दोन वर्षं करून पाहिली. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीसाठी टिपणी गेली.

## निष्पत्ती

दुरुस्त चलन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिळालं, ३०,७७४ रुपयांचं, आणि ते त्याच दिवशी भरलं. हक्क राखून भरण्याच्या पत्राची गरज पडली नाही, पण ते तयार होतं म्हणूनच महिनाअखेरची मर्यादा पाळता आली.

खर्चाची वाटणी हा वेगळाच पेच होता. मधल्याचं म्हणणं, तिघांनी समान वाटा उचलावा. ताई म्हणाली, "कर माझाही आहे, तो मी देते. पण दंड का माझा? भाडं कोणी घेतलं?" यावर थोडी चिडचिड झाली. शेवटी आईनं निकाल दिला. कर तिघांत, म्हणजे प्रत्येकी ६,९७३. दंड दुकानाच्या भाड्यातून, कारण त्या भाड्यातूनच घरपट्टी जायला हवी होती. कर आणि दंड हे दोन वेगळे आकडे हातात होते म्हणून असा निकाल देता आला. ३३,१०३ असा एक गठ्ठा असता तर वाद वाढला असता.

ई-खात्याचा अर्ज त्यानंतर दिला. वारसा नोंद त्याच्यासोबतच चालू आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठं नुकसान चलनातल्या चुकीनं झालं नाही. चूक २,३२९ रुपयांची होती आणि ती दुरुस्त झाली. कर दरवर्षी एप्रिलमध्ये वडिलांच्याच नावानं भरला असता तर पाच टक्के सूट धरून चार वर्षांचे १९,८७३ रुपये लागले असते. लागले ३०,७७४. जवळपास अकरा हजारांचा हा फरक एका गैरसमजाचा आहे. खातेदार वारल्यावर घरातल्या कोणी तरी एकानं मालमत्तेचा क्रमांक घेऊन चलन काढायचं आणि भरायचं, पावती सगळ्यांना पाठवायची, हिशेब नंतर. वारसा नोंदीची वाट पाहायची नाही.

दुसरं, २०२४ च्या जूनमध्ये माफीची बातमी आली तेव्हा एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: ही योजना कोणत्या संस्थेची? महानगरपालिका, नगरपालिका, पट्टण पंचायत, ग्रामपंचायत यांचे आदेश वेगवेगळे निघतात. गावच्या कार्यालयात आदेशाची प्रत दाखवा म्हटलं असतं तर त्याच दिवशी उत्तर मिळालं असतं.

तिसरी गोष्ट अर्जाबद्दल. मला आता वाटतं, अर्जात दुरुस्तीसोबत आणखी एक मागणी घालायला हवी होती: खात्यावरची सुरुवातीची बाकी सिस्टीममध्येही शून्य करून त्याचा उतारा द्यावा. चलन दुरुस्त झालं म्हणजे रजिस्टर दुरुस्त झालं असं नसतं. फरकाचे २,३२९ जुन्या नोंदीत राहिले तर एप्रिलच्या चलनावर ते 'मागील बाकी' म्हणून परत उगवतील आणि त्यावरही महिना दोन टक्के चालू होतील. कुटुंबानं हा उतारा आता वेगळ्या अर्जानं मागितला आहे.

आणि दुरुस्ती झाली ती फक्त या एका खात्याची. त्याच गल्लीतल्या आणखी एका घराचं चलन मधल्यानं मला दाखवलं. दोन वर्षांची बाकी, रक्कम लहान, पण सुरुवातीच्या आकड्यात पहिल्या वर्षाचे तेच अठरा टक्के मिसळलेले. त्या घरमालकानं आता आपला अर्ज दिला आहे, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक संदर्भ म्हणून टाकून. ज्यांनी असं चलन निमूटपणे भरून टाकलं आहे त्यांनाही अर्ज करता येतो, फक्त त्यांना भरणा पावती आणि वर्षवार फोड दोन्ही जोडावी लागेल आणि फरक पुढच्या वर्षाच्या करात वळता करून मागावा लागेल.